'नवीन काय आहे?' या रकान्यात नेमकं काय लिहावं?

आपल्या फोनमधलं कुठलं ना कुठलं ॲप दर आठवड्याला अपडेट होत असतं. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर 'नवीन काय आहे' असा एक लहानसा रकाना असतो. तो कधी उघडून वाचलाय का? बहुतेक ठिकाणी एकच ओळ असते, 'किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा'. मागच्या महिन्यात तीच होती आणि पुढच्या महिन्यातही तीच असेल. मला ही ओळ बिलकुल आवडत नाही. वर्गातल्या चाळीसही मुलांच्या प्रगतिपुस्तकात मी 'काही बाबतीत सुधारणा' एवढंच लिहिलं, तर पालक मला विचारतील ना, की मॅडम, कोणत्या बाबतीत?

आपण पाचवीपासून मुलांना सूचनालेखन शिकवतो. सहलीची सूचना असेल तर तारीख, वेळ, सोबत काय आणायचं आणि उशीर झाला तर काय, हे सगळं मुलं बरोब्बर लिहितात. ॲपच्या अपडेटची टीप ही तशीच सूचना आहे. तरीही ती लिहिताना मोठी मोठी माणसं ही साधी गोष्ट विसरतात. ॲपमध्ये आपण काय केलं ते लिहितात. वापरणाऱ्याला उद्यापासून काय वेगळं करावं लागेल, ते राहून जातं. माझ्या मते या दोन गोष्टींतच चांगल्या आणि वाईट टिपेचा फरक आहे. हे नुसतं मत म्हणून सांगण्यापेक्षा आपल्या भागातलं एक अपडेट घेऊन बघू या.

ते ॲप म्हणजे ई-पीक पाहणी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी हे ॲप आहे, आणि किती तरी घरांत ते मूलच चालवतं. सातबाऱ्यातला 'बारा' म्हणजे गाव नमुना 12, पिकांची नोंदवही. त्यात कोणत्या शेतात कोणतं पीक किती क्षेत्रावर आहे ते लिहिलेलं असतं. ही नोंद पूर्वी तलाठी करायचे. महसूल आणि कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या मदतीने 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर हे काम शेतकऱ्याच्या हातात दिलं. शेतात जायचं, पिकाचा फोटो काढायचा, क्षेत्र भरायचं आणि पाठवायचं. पुढच्या वर्षी, 1 ऑगस्ट 2022 पासून, याच ॲपची दुसरी आवृत्ती आली. त्या वर्षी जुलैत विदर्भात अतिवृष्टी झाली होती, पिकं पाण्याखाली गेली होती. नुकसानभरपाई, पीक विमा, पीक कर्ज, हमीभावाची खरेदी, कुठेही जा, सातबाऱ्यावर पीक आहे का हे आधी बघतात. त्यामुळे या अपडेटमध्ये काय बदललं हे नीट समजणं ही घरादाराची गोष्ट होती.

बदल मोजकेच होते. शेतकऱ्याने केलेली नोंद आता स्वयंप्रमाणित मानली जाणार आणि तलाठी त्यातल्या फक्त दहा टक्के नोंदी तपासणार. केलेली नोंद 48 तासांच्या आत एकदा स्वतः दुरुस्त करता येणार. मिश्र पिकात मुख्य पिकासोबत पूर्वी दोन दुय्यम पिकं लिहिता यायची, आता तीन. ॲपमध्ये प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश टाकलेले, त्यामुळे फोटो काढताना आपण तिथून किती दूर आहोत ते दिसणार आणि गटापासून लांब असलो तर तसा संदेश येणार. शिवाय हमीभावाने विक्रीसाठी संमती देण्याची सोय, मदतीचं बटण आणि गावातल्या इतर खातेदारांच्या नोंदी बघण्याची सोय.

यादी खरी आहे, मराठीत आहे, 'किरकोळ दुरुस्त्या' या ओळीपेक्षा शंभर पटींनी बरी आहे. पण ती जशीच्या तशी एखाद्या पालकाला वाचून दाखवा. 'स्वयंप्रमाणित' म्हटल्यावर तो मान हलवेल, 'अक्षांश-रेखांश' म्हटल्यावरही हलवेल, आणि घरी जाऊन मागच्या वर्षी केलं तसंच करेल. आमच्या भागात घरी वऱ्हाडी बोलतात, कुठे गोरमाटी, कुठे कोलामी, कुठे गोंडी. या सगळ्यांना पुस्तकी मराठी समजत नाही असं मुळीच नाही. समजते. पण शब्द समजला म्हणून काय करायचं ते समजतं असं नाही. म्हणून एकेक बदल घेऊ आणि त्याच्या पोटात काय आहे ते बघू.

सगळ्यात मोठा बदल स्वयंप्रमाणित नोंदीचा. यादीत तो सोयीसारखा वाटतो, तलाठ्याच्या मान्यतेची वाट बघायची गरज नाही. छानच झालं. पण याचा दुसरा अर्थ कुणी सांगत नाही. मान्यता नाही म्हणजे तुमची चूक पकडणारं माणूसही मध्ये नाही. शंभरातल्या दहा नोंदी तपासल्या जाणार, म्हणजे नव्वद नोंदी तुम्ही भरल्या तशाच नमुना बारावर जाणार. यातली सर्वांत सोपी चूक क्षेत्राची. आपल्याकडे बोलणं एकरात, ॲपमध्ये भरणं हेक्टर-आरमध्ये. एक एकर म्हणजे साधारण 40 आर, म्हणजे 0.40 हेक्टर. समजा एखाद्या पालकाचं एकूण शेत पाच एकर, म्हणजे जवळजवळ 2 हेक्टर. त्यातल्या दोन एकरांत सोयाबीन. त्याने रकान्यात 'दोन एकर' म्हणून 2 भरलं, तर झालं 2 हेक्टर, म्हणजे सगळंच्या सगळं शेत सोयाबीनचं. हा आकडा एकूण क्षेत्रात बसतो, म्हणून ॲपला तो खटकण्याचं कारणच नाही. मग पऱ्हाटी भरायला गेल्यावर क्षेत्रच शिल्लक दिसत नाही, तेव्हा कळतं. आणि ज्याला दुसरं पीक भरायचंच नसतं, त्याला तर तेव्हाही कळत नाही. म्हणून चांगल्या टिपेत 'आता तुमचीच नोंद शेवटची' याच्या पुढचंच वाक्य असायला हवं, 'क्षेत्र एकरात नाही, हेक्टरमध्ये भरा, 1 एकर = 0.40'. हे काही अपडेटमध्ये बदललेलं नाही, आधीपासून तसंच आहे. पण बदलामुळे त्याची किंमत वाढली. टिपेत न बदललेली गोष्टही कधी कधी लिहावी लागते, ती अशी.

दुरुस्तीच्या 48 तासांचं तसंच आहे. 'दुरुस्तीची सुविधा' असे दोन शब्द लिहिले की लिहिणाऱ्याचं काम झालं. वाचणाऱ्याला हवं आहे ते घड्याळ. शनिवारी संध्याकाळी सहाला नोंद केली तर सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत मुदत, असं लिहिलं की माणूस स्वतःच हिशोब करतो. आणि 'एकदा' हा शब्द ठळक हवा. एकदा म्हणजे काय? क्षेत्र चुकलं म्हणून दुरुस्त केलं, आणि रात्री लक्षात आलं की पिकाचं नावही चुकलंय, तर ॲपमध्ये आता उपाय नाही. म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी सगळी नोंद वरून खाली वाचून काढायची. मी पालकांना सांगते, आधी कागदावर सगळ्या चुका लिहा, मग ॲप उघडा. हे वाक्य टिपेत सहज मावलं असतं.

मिश्र पिकाचा बदल आमच्या भागासाठी सोन्यासारखा होता, पण तो 'दुय्यम पिकांची संख्या तीन' असा सांगितला की त्याची चमक जाते. इथे पऱ्हाटीच्या आठ-दहा तासांनंतर तुरीचे एक-दोन तास असतात. कुणी मधे मूग टाकतं, कुणी घरच्या भाकरीपुरती ज्वारी. म्हणजे एकाच वावरात कपाशी, तूर, मूग आणि ज्वारी. मुख्य पीक कपाशी धरली तर बाकीची तीन. आधीच्या आवृत्तीत दोनच लिहिता येत होती, एक बाहेर राहायचं. ते कोणतं बाहेर ठेवायचं हे माणूस अंदाजाने ठरवायचा, आणि चुकून तूर बाहेर राहिली तर ती हमीभावाने विकायला नेल्यावर सातबाऱ्यावर तुरीची नोंद मागायचे. आता चारही पिकं लिहिता येतात. पण त्यासाठी आधी ॲपमध्ये पिकाचा वर्ग निवडताना 'मिश्र पीक' निवडावं लागतं. 'निर्भेळ पीक' निवडलं की एकच पीक. हा 'निर्भेळ' शब्द कुणी शोधला कोण जाणे, माझ्या वर्गातली मुलं त्याला भेळेचा प्रकार समजली होती. तर नवीन सोय या एका निवडीच्या मागे दडलेली आहे, आणि ती निवड न सांगता नुसती सोय सांगितली तर सोय कुणाला सापडत नाही. आणखी एक, यादीत 'पऱ्हाटी' शोधत बसू नका, 'कापूस' बघा. आपल्या घरात जो शब्द आहे तो आणि पडद्यावर जो शब्द आहे तो, दोन्ही शेजारी शेजारी लिहिणं हे टीप लिहिणाऱ्याचं काम आहे.

आता मध्यबिंदू. यावर थोडं जास्त लिहिते, कारण यात गणितही आहे आणि घोटाळाही.

हा बदल कशासाठी केला ते उघड आहे. घरी बसून किंवा रस्त्याकडेच्या दुसऱ्याच्याच शेताचा फोटो काढून नोंद होऊ नये. हेतू चांगला. त्या आवृत्तीत ॲपला गटाची हद्द पायाखाली दिसत नव्हती, त्याच्याकडे गटाचा एक बिंदू होता आणि फोनच्या जीपीएसने सांगितलेली तुमची जागा होती. या दोघांतलं अंतर ते दाखवायचं. आता विचार करा, एक शेत 400 मीटर लांब आणि 50 मीटर रुंद आहे. 400 गुणिले 50 म्हणजे 20,000 चौरस मीटर, म्हणजे 2 हेक्टर, आपले पाच एकर. अशी लांबट शेतं आपल्याकडे किती तरी आहेत, वाटण्या होत होत तशीच झालीत. माणूस रस्त्याकडच्या धुऱ्यावर उभा राहून फोटो काढतो. तो स्वतःच्याच धुऱ्यावर आहे, पण मध्यबिंदूपासून 200 मीटर लांब. त्याच वेळी शेजाऱ्याच्या वावरात, मधोमध शेताला लागून उभा असलेला दुसरा माणूस या मध्यबिंदूपासून जेमतेम 30 मीटरवर असू शकतो. म्हणजे अंतराचा आकडा मोठा दिसला म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या शेतात आहात असं नाही, आणि लहान दिसला म्हणून स्वतःच्या शेतात आहात असंही नाही.

हे मी पाचवीच्या वर्गात चौकटीच्या कागदावर काढून घेतलं. एक चौकट 10 मीटरची, म्हणजे 40 चौकटी लांब आणि 5 चौकटी रुंद. मुलांनी मध्यबिंदू काढला, टोकापासून चौकटी मोजल्या आणि 200 मीटर स्वतः शोधले. मग एका मुलाने विचारलं, "आमचं वावर तर नाल्याच्या काठानं वळते, त्याचा मध्य कुठं?" चांगला प्रश्न होता. म्हणून पुठ्ठ्याचा बारीक काटकोनी तुकडा कापला, इंग्रजी एल अक्षरासारखा. त्याला एका टोकाला भोक पाडून टाचणीवर लटकवलं, दोऱ्याला खडा बांधून ओळंबा सोडला आणि त्याची रेघ मारली. मग दुसऱ्या भोकातून तसंच. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना मिळायला हव्या होत्या ती जागा पुठ्ठ्यावर नव्हतीच, बाहेर मोकळ्या जागेत होती. मागे कागद लावून रेघा वाढवल्या तेव्हा बिंदू मिळाला. म्हणजे वळणाच्या शेताचा असा मध्य शेताच्या बाहेरही पडू शकतो. करून बघा, तासाभराचा उपक्रम आहे, साहित्य सगळं वर्गातच मिळतं.

त्यात आणखी एक गोष्ट. मध्यबिंदू गटाचा होता, खातेदाराचा नव्हता. एका गटात चार भावांच्या वाटण्या असतील तर टोकाच्या भावाला मध्यबिंदू कधीच जवळ दिसणार नाही, त्याने त्याच्या वाट्याच्या अगदी मधोमध उभं राहिलं तरी. अशा माणसाला 'तुम्ही गटापासून दूर आहात' असा संदेश दिसला की तो घाबरतो. त्याला वाटतं आपली नोंद बाद होणार, आणि मग तो भावाच्या वाट्यात जाऊन फोटो काढतो, म्हणजे बरोबर नोंद चुकीची करून ठेवतो. मी म्हणते, या एका बदलासाठी टिपेत निदान दोन वाक्यं हवीत. पहिलं, धुऱ्यावरून नको, पिकात आत जाऊन फोटो काढा. दुसरं, तुमची वाटणी टोकाला असेल तर अंतर जास्त दिसेल, तरी फोटो स्वतःच्याच पिकाचा काढा. आणि हो, फोनचं लोकेशन चालू आहे ना ते आधी बघा आणि मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबा. झाडाखाली उभं राहून लगेच काढलेली जागा पुष्कळदा भलतीकडेच दिसते.

खरं सांगायचं तर हे टिपेपेक्षा ॲपमध्येच, संदेश येतो त्या क्षणी, लिहिलेलं असायला हवं. टीप वाचून आठ दिवसांनी शेतात गेलेल्या माणसाला ती थोडीच आठवणार. टिपेची मर्यादा आहे ती आहेच.

बाकीचे बदल पटकन सांगून सोडण्यासारखे आहेत. मदतीचं बटण म्हणजे मदतीचं बटण. हमीभावाच्या संमतीचं महत्त्व आहे, पण त्यासाठी एक ओळ पुरे. गावातल्या सगळ्यांच्या नोंदी बघण्याची सोय मला आवडली, आपली नोंद खरंच गेली की नाही हे त्याच यादीत आपलं नाव शोधून कळतं.

तर आता टीप लिहू. प्ले स्टोअरवर एका भाषेतल्या टिपेला 500 अक्षरचिन्हांची मर्यादा असते. ही चिन्हं संगणकाच्या हिशोबाने मोजली जातात, आणि मराठीचं इथे थोडं नुकसान होतं, कारण काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळं वेगळं वेगळं मोजलं जातं. 'पीक' हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा, संगणकाला तीन चिन्हांचा. 'क्षेत्र' आपल्याला दोन, संगणकाला सात. 'स्वयंप्रमाणित' तेरा. म्हणजे जड शब्द समजायला तर अवघड आहेतच, जागाही जास्त खातात. 'तुमचीच नोंद' लिहिलं तर शब्द दोन होतात, तरी चिन्हं थोडी कमीच भरतात, आणि अर्थ लगेच पोचतो.

टाकताना प्रत्येक भाषेचा मजकूर त्या भाषेच्या खुणेत लिहावा लागतो. मराठीची खूण mr-IN. त्या अपडेटसाठी मी लिहिली असती ती टीप अशी:

```
<mr-IN>
1. आता तुमचीच नोंद शेवटची. क्षेत्र हेक्टरमध्ये
भरा. 1 एकर = 0.40.
2. चुकलं तर 48 तासांत एकदाच दुरुस्ती. आधी सगळं
वाचा, मग दुरुस्त करा.
3. कपाशीत तूर, मूग, ज्वारी? 'मिश्र पीक' निवडा.
आता तीन जोडपिके लिहिता येतात.
4. फोटो पिकात आत जाऊन काढा. गटाच्या मध्यापासून
अंतर दिसेल. वाटणी टोकाला असेल तर ते जास्त दिसेल,
तरी फोटो स्वतःच्याच पिकाचा काढा.
</mr-IN>
```

मर्यादेच्या आत बसते. मदतीचं बटण, संमती आणि गावाची यादी मी मुद्दाम गाळली. ती ॲप उघडल्यावर दिसतातच, न वाचल्याने कुणाचं नुकसान होत नाही. वरचे चार बदल मात्र न वाचता नोंद केली तर सातबारा चुकतो. काय गाळायचं हे ठरवायला माझ्याकडे हाच एक निकष आहे. 'दुय्यम'ऐवजी 'जोडपिके' लिहिलं यावर काही जण नाक मुरडतील. मुरडू द्या, पण पडद्यावर 'दुय्यम' दिसत असेल तर कंसात तेही घालावं, हे मला मान्य आहे.

एक तांत्रिक अडचण इथेच सांगते, कारण आपल्यातले जे शिक्षक स्वतः ॲप बनवतात ते त्यात अडकतात. मराठी खुणेची जागा तेव्हाच मिळते, जेव्हा ॲपच्या स्टोअरवरच्या माहितीत मराठी ही भाषा आधी जोडलेली असते. ती जोडली नसेल तर फोन मराठीत ठेवणाऱ्या पालकालाही ॲपची जी मूळ भाषा ठरवलेली आहे, बहुतेक वेळा इंग्रजी, त्याच भाषेतली टीप दिसते. लिहिणाऱ्याला वाटतं आपण मराठीत काम केलं, आणि वाचणाऱ्यापर्यंत ते पोचलेलंच नसतं. खात्री करायची असेल तर अपडेट सोडल्यावर एखादा फोन मराठी भाषेत ठेवून प्ले स्टोअरचं पान उघडून बघावं.

आता नेहमीचा आक्षेप. हे वाचतं कोण? अपडेट तर रात्रीतून आपोआप होतात, प्ले स्टोअर उघडतंय कोण? बरोबर आहे. बहुतेक लोक वाचत नाहीत. पण गावात चार माणसं वाचतात, कृषी सहायक, सेतूवाला, एखादा कॉलेजचा मुलगा आणि आपण. तेच पुढे तोंडी सांगतात. त्यांच्या हातात 'किरकोळ दुरुस्त्या' दिलं तर ते काय सांगणार? म्हणून टीप प्ले स्टोअरपुरती नसावी. तोच मजकूर शाळेच्या पालक गटावर जायला हवा, फळ्यावर लिहायला हवा. मात्र गटावर टाकताना वर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख न विसरता घालायची. कारण अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी मिळेल असं नाही. बनवणारे कधी कधी ते आधी थोड्या फोनना सोडतात, काही बिघडलं नाही असं दिसलं की बाकीच्यांना. त्यामुळे एका पालकाकडे नवीन सोय दिसते, शेजाऱ्याकडे दिसत नाही, आणि गटावर भांडण सुरू होतं की मॅडमनी खोटंच सांगितलं. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीतून ते ॲप उघडायचं, तिथे बहुतेक तळाशी आवृत्तीचा क्रमांक असतो. टिपेतला क्रमांक आणि हा क्रमांक जुळत नसेल तर प्रश्न अपडेटचा आहे, तुमच्या समजण्याचा नाही.

आपल्या जिल्ह्यातही शिक्षकांनी बनवलेली लहान लहान ॲप्स आहेत, पाढ्यांची, वाचनाची, प्रश्नमंजूषेची. त्यांच्या टिपा लिहिताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं असं मला वाटतं. मुलाचे गुण, पूर्ण केलेले धडे हे सगळं बऱ्याच लहान ॲपमध्ये त्या फोनमध्येच साठवलेलं असतं. पालकांना मात्र अपडेट म्हणजे 'जुनं काढून टाका आणि नवीन घ्या' असं वाटतं, कारण कुणी तरी कधी तरी तसं शिकवलेलं असतं. ॲप काढून टाकलं की त्यासोबत फोनमधले गुणही सहसा जातात, आणि वर्षभर पाढे म्हटलेलं पोर पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. एका शिक्षक मित्राच्या पाढ्यांच्या ॲपचं तिसरं अपडेट आलं तेव्हा त्याने टिपेत लिहिलं होतं, 'माहिती साठवण्याच्या पद्धतीत बदल'. मी त्याला म्हटलं, दादा, हे तुझ्यासाठी आहे, पालकांसाठी काय आहे? त्याने थोडा वेळ विचार केला आणि नवीन टीप लिहिली:

```
<mr-IN>
हे ॲप फोनमधून काढू नका. प्ले स्टोअर उघडा आणि
फक्त 'अपडेट करा' दाबा. काढलंत तर मुलाचे आधीचे
गुण जातील. नवीन: 11 ते 20 चे पाढे आता ऐकताही येतात.
</mr-IN>
```

नवीन सोय त्याने शेवटी टाकली आणि गुण वाचवायची गोष्ट वर. हा क्रम मी बदलायला सांगितला नव्हता, त्याला स्वतःलाच सुचला. ही टीप पालक गटावर टाकली तेव्हा पहिला प्रश्न एका आजोबांचा होता, 'अपडेट करा' हे बटण दिसतच नाही, 'उघडा' दिसते. त्यांच्या फोनमध्ये ते आदल्या रात्रीच आपोआप झालेलं होतं. आता मित्राने टिपेच्या शेवटी आणखी एक वाक्य जोडलंय, "फक्त 'उघडा' दिसत असेल तर अपडेट झालेलं आहे."